आगळाच्या वर्णनातील स्वरपालट

मसुरे व मालवण परिसरातील वृद्ध वाचकाला कोकमाचे आगळ ही नवलाईची वस्तू नाही. उन्हाळ्यात पिकलेले रातांबे फोडून त्यांना मीठ लावणे आणि सुटलेला रस साठवणे, हे त्याने घरी पाहिलेले असते. अशा वाचकापुढे पुढील प्रकारचे वर्णन ठेवले जाते. नमुना चर्चेसाठी रचलेला आहे.

‘वा! एक घोट घ्या आणि तरतरीत व्हा! शंभर टक्के शुद्ध, पित्त पळवणारे कोकणी आगळ! आजच चाखा!’

या वर्णनातील उद्गारचिन्हे काढून ‘पळवणारे’च्या जागी ‘शमवणारे’ असा शब्द घातला की स्वर शांत झाला, असे सामान्यतः मानले जाते. हे मत तपासून पाहण्यासारखे आहे. शब्द सौम्य झाला तरी गुणकारितेचे आश्वासन तसेच राहते. उलट गंभीर स्वरामुळे ते अधिक खरे वाटू लागते. म्हणजे अशा पालटाने विश्वसनीयता वाढत नाही, केवळ दिशाभूल सुलभ होते.

मूळ वर्णनाचा दोष क्रियापदांत आहे. ‘घ्या’, ‘व्हा’, ‘चाखा’ ही तिन्ही आज्ञार्थी रूपे वाचकाला कृतीकडे ढकलतात. वस्तूविषयी विधान करणारे क्रियापद एकही नाही. जपून वागणाऱ्या वाचकाचे प्रश्न मात्र विधानांचीच अपेक्षा करतात: यात काय आहे, ते कसे घ्यावे, कोणी जपावे? आगळाच्या बाबतीत तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. आगळात मीठ बरेच असते, आणि रक्तदाब असलेल्या माणसाला त्याचाच विचार करावा लागतो. साखर घालून केलेले अमृतकोकम वेगळे. तेथे मधुमेही माणसाने जपावे लागते. ‘शुद्ध’ हे विशेषण या दोहोंतील भेद झाकून टाकते.

म्हणून वर्णन असे पालटता येईल:

‘पिकलेल्या रातांब्यांना मीठ लावून काढलेला हा रस आहे. यात साखर नाही. रस आंबट व खारट असल्यामुळे तो पाणी किंवा नारळाचे दूध घालून घेतात. मिठाचे प्रमाण बाटलीवर छापले आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करण्यास सांगितले असल्यास ते पाहून घ्यावे.’

येथे आज्ञार्थ गेला असून वर्तमानकाळी विधाने आली आहेत. शेवटच्या विध्यर्थात सूचना आहे, आग्रह नाही. सोलकढी करणाऱ्या वाचकाला यातील प्रत्येक वाक्य स्वतःच्या अनुभवाशी ताडून पाहता येते. अर्थात साखर खरोखरच घातलेली नसेल आणि प्रमाण खरोखरच छापलेले असेल, तरच हे वर्णन वापरता येईल.

दुसऱ्या टोकाचाही धोका आहे. ‘सदर उत्पादनाचे सेवन केले असता’ अशी कचेरीतील भाषा शांत असली तरी परकी वाटते, आणि काही दडवले जात असल्याची शंका निर्माण करते. ‘रातांबे’, ‘मीठ’, ‘नारळाचे दूध’ हे शब्द तसेच ठेवणे म्हणूनच इष्ट ठरते. स्वराचा शांतपणा विशेषणांच्या वजाबाकीत नसून, वाचकाला पडताळता येईल अशा माहितीच्या भरीत आहे.