कंबर वाढली की पँट खाली सरकली?

पुरुषांच्या पँटचा इतिहास सांगणारे दशकवार चार्ट तुम्ही पाहिले असतीलच. डावीकडे बेंबीपर्यंत चढवलेली, प्लेटांची ढगळ पँट. उजवीकडे कंबरेखाली टेकलेली, पायाला चिकटलेली स्लिम फिट. मध्ये एक बाण. म्हणजे पूर्वी उंच आणि सैल होतं, मग हळूहळू खाली आणि निमुळतं होत गेलं. माझ्या पहिल्या मसुद्यात मीसुद्धा हाच बाण काढला होता. तो कुठे चुकतो हे मला वाशिमच्या एका जुन्या टेलरच्या मापवह्यांनी दाखवलं, म्हणून आज त्या बाणाबद्दल आणि माझ्या मसुद्याबद्दल लिहितोय.

आधी बाण. पुरुषांची पँट सरळ रेषेत बदललेली नाही. 1940-50 च्या काळात प्लेटा होत्या, कंबर उंच होती. साठीत पाय अरुंद झाला, पुढचा भाग सपाट झाला. सत्तरीत बेलबॉटम आली. तिचा फक्त खालचा घेर मोठा असतो, मांडीला मात्र ती आजच्या स्लिमइतकीच घट्ट बसते आणि तिला प्लेट नसते. ऐंशीत प्लेटा परत आल्या. 1988 चा ‘अशी ही बनवाबनवी’ पुन्हा बघा, या वेळी विनोद सोडून पट्टा कुठे बांधलाय तेवढंच बघा. म्हणजे प्लेटवाली पँट ही ‘जुनी’ नाहीच. एकदा जाऊन परत आलेली ती फॅशन होती, आणि आता पुन्हा दुकानांत दिसायला लागली आहे.

दुसरी गोष्ट ‘निमुळती’ या शब्दाची. निमुळतेपणा डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. मांडीच्या घेराला बॉटमच्या घेराने भागा. त्याच टेलरचं एक जुनं गिऱ्हाईक आहे, पेशाने शिक्षक. त्यांची 1992 ची पँट मांडीत 27 इंच, बॉटम 15. भागाकार 1.8. त्यांचीच 2011 ची पँट मांडीत साडेतेवीस, बॉटम 14. भागाकार 1.68. म्हणजे जी ढगळ म्हणून आपण हसतो, तीच जास्त निमुळती निघाली! बॉटम फक्त एका इंचाने कमी झाला, मांडी साडेतीन इंचांनी. बदल खाली नाही, वर झालाय.

वर म्हणजे प्लेटांपाशी. एका प्लेटेत साधारण इंचभर कापड दुमडलेलं असतं. एका पायाला दोन प्लेटा धरल्या तर तेवढं जादा कापड मांडीवर उतरतं आणि माणूस पंगतीत मांडी घालून बसला की उघडतं. प्लेटा काढल्या की ही सोय गेली. मग एकतर कापड ताणणारं हवं, नाहीतर मागची शिवण उसवते. लायक्रा मिसळलेलं कापड सहज मिळू लागल्यावर ही अडचण बरीचशी सुटली. लग्नात आहेर म्हणून येणारा टेरीकॉटचा पँटपीस मात्र ताणत नाही. त्याची स्लिम पँट शिवायला टेलर कुरकुरतात ते उगाच नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो, कारण ती तुमच्याकडूनही होऊ शकते.

मापवहीत लांबी, कंबर, सीट, मांडी, गुडघा, बॉटम अशी मापं असतात. या वहीत बैठकीचा, म्हणजे कंबरपट्टीपासून दोन पायांच्या सांध्यापर्यंतच्या उंचीचा रकाना नाही. मी सगळी मापं उतरवून घेतली आणि खूश झालो. 1992 ला कंबर 31, 2011 ला 34. इतर काही गिऱ्हाइकांचंही तसंच. नव्वदीनंतर आपल्या जिल्ह्यात सोयाबीन पसरलं. मी दोन्ही गोष्टी जोडल्या: नगदी पीक आलं, पैसा आला, खाणं बदललं, पोटं सुटली. मसुद्यात यावर चांगला दीड पानांचा परिच्छेद होता. भाषाही झकास जमली होती.

टेलरकाकांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, “गुरुजीले पाह्यलं का तुम्ही? अजूनबी सायकलवर फिरते तो माणूस. पोट नाई वाढलं भाऊ, पँट खाली सरकली.”

वही पुन्हा उघडली. त्याच दोन नोंदींमध्ये सीट 37 वरून साडेसदतीस. अर्धा इंच तर टेप धरण्यातच इकडेतिकडे होतो. आणि लांबी 41 वरून साडेअडतीस! माणूस अडीच इंच बुटका झाला नव्हता. 1992 ला टेप बेंबीजवळ, कंबर सगळ्यात बारीक असते तिथे धरला होता. 2011 ला तो नितंबाच्या हाडाजवळ धरला, जिथे त्याच माणसाचा घेर मुळातच जास्त असतो. ‘कंबर’ हा शब्द वहीत तोच राहिला, त्या शब्दाची जागा शरीरावर बदलली.

गुरुजींनी दोन्ही पँटी जपून ठेवल्या होत्या, म्हणून ताडून पाहता आलं. आतल्या बाजूची लांबी, सांध्यापासून बॉटमपर्यंत, जुन्या पँटची साडेअठ्ठावीस आणि नव्या पँटची 29. बाहेरच्या लांबीतून ती वजा केली की बैठक मिळते: आधी साडेबारा, नंतर साडेनऊ. तीन इंच बैठक गेली आणि तीन इंच कंबर ‘वाढली’. हे दोन आकडे सारखे आले हा योगायोग आहे, त्यातून सूत्र काढू नका. वहीत बघायचं ते इतकंच: कंबर वाढलीय, लांबी घटलीय, सीट जागेवर आहे, तर पँट खाली सरकली. कंबर आणि सीट दोन्ही वाढले, लांबी तशीच राहिली, तर माणूस सुटला. सगळंच बदललं असेल तर फक्त वहीवरून काही सांगता येत नाही. पँट हातात घ्यावी लागते.

पँट हातात घेतली तरी आतून उलटून बघा. टेलर मागच्या शिवणीत इंच-दीड इंच माया सोडतात, आणि पुढे ती उसवून कंबर वाढवून देतात. जुन्या टाक्यांची भोकं किंवा कापडाची गडद राहिलेली पट्टी दिसली, तर तुम्ही मोजताय ते माप शिवतानाचं नाही.

वह्यांची आणखी एक मर्यादा माझ्या लक्षात फार उशिरा आली. नंतरच्या वह्यांमध्ये तरुण जवळजवळ नाहीतच. ते पाटणी चौकात जाऊन रेडिमेड घेतात. तिथे फक्त कंबरेचा नंबर विचारतात, बैठक कंपनीने आधीच ठरवलेली असते. शिवून घेणारे उरले ते वयाने मोठे, आणि त्यांच्यातले काही अजूनही प्लेटाच मागतात. त्यामुळे वहीची सरासरी काढली तर वाशिममध्ये स्लिम पँट फार उशिरा पोचली असं दिसेल. प्रत्यक्षात ती टेलरच्या दुकानाला वळसा घालून गावात शिरली होती. जे थोडे तरुण टेलरकडे येतात ते एक आवडती पँट काउंटरवर टाकतात, ‘काका, अश्शीच’. अशा नोंदींपुढे मापं नाहीतच, नुसतं लिहिलंय: नमुन्याप्रमाणे.

सोयाबीनचा परिच्छेद मी काढून टाकला. गुरुजींच्या दोन्ही पँटी अजून माझ्याकडे आहेत. पुढच्या आठवड्यात परत द्यायच्यात, कारण 1992 ची पँट त्यांच्या नातवाला कॉलेजच्या गॅदरिंगला हवी आहे. त्याची एकच तक्रार आहे, ती अजून थोडी ढगळ हवी होती.