कुरिअरची पोच आणि टीसीपीची पोच

संगणक जाळ्यांच्या स्लाइड्समध्ये टीसीपी समजावताना बहुधा कुरिअरचे उदाहरण येते. आधी फोन करून 'घरी आहात का?' असे विचारायचे, पार्सल पोहोचल्यावर सही घ्यायची आणि पोच आली नाही तर पुन्हा पाठवायचे. ही तुलना पहिल्या ओळखीपुरती ठीक आहे. मात्र ती जिथे तुटते, नेमक्या तिथेच टीसीपीची खरी रचना आहे.

प्रथम जोडणी पाहू. 'घरी आहात का?' – 'हो' एवढेच विचारायचे असते, तर दोन संदेश पुरले असते. मग तीन का लागतात? कारण दोन्ही बाजू आपापला आरंभीचा क्रमांक सांगतात आणि प्रत्येकाला तो समोरच्याला मिळाल्याची पोच हवी असते. समजा, प्रेषकाचा क्रमांक १०० आहे. ग्राहक स्वतःचा ३०० हा क्रमांक कळवतो आणि त्याच संदेशात १०१ ची पोच देतो. तिसऱ्या संदेशात प्रेषक ३०१ ची पोच देतो. कुरिअरच्या फोनमध्ये हे क्रमांक ठरवणे कुठेच दिसत नाही.

दुसरा आणि मोठा दोष पोचपावतीचा आहे. कुरिअरची सही त्या एका पार्सलची असते. टीसीपीची पोच मात्र 'याच्या आधीचे सर्व बाइट मिळाले, आता हा बाइट हवा' असे सांगते. प्रेषकाने १००० बाइटचे पाच तुकडे पाठवले, असे धरू. त्यांचे आरंभ १०१, ११०१, २१०१, ३१०१ आणि ४१०१ आहेत. दुसरा वाटेत हरवला. पहिल्या तुकड्यावर ग्राहक ११०१ ची पोच देतो. तिसरा, चौथा आणि पाचवा आल्यावरही तो प्रत्येक वेळी ११०१ च म्हणतो. अशा तीन दुबार पोचा आल्या की प्रेषक टायमर संपण्याची वाट न पाहता ११०१ चा तुकडा पुन्हा पाठवतो. तो पोहोचताच पोच थेट ५१०१ वर उडी घेते, कारण पुढचे तुकडे ग्राहकाने जपून ठेवलेले असतात.

कुरिअरचे उदाहरण मनात धरणारा विद्यार्थी इथे 'तिसऱ्याची पोच कुठे गेली?' असे विचारतो. एखादी पोच हरवली तर तो तुकडा पुन्हा पाठवावाच लागेल, असेही त्याला वाटते. प्रत्यक्षात तुकडे सुखरूप पोहोचले, ११०१ ची पोच हरवली, पण टायमर संपण्याआधी २१०१ ची आली, तर काहीच पुन्हा पाठवावे लागत नाही.

उदाहरण टाकून देण्याची गरज नाही, थोडे बदलावे. पार्सलऐवजी पुस्तकाची सुटी पाने पाठवा आणि झेरॉक्स प्रत स्वतःजवळ ठेवा; पार्सल एकच असते, पण पुन्हा पाठवायचे तर प्रत हवीच. ग्राहक सही न करता 'आता पान क्रमांक ११ पाठवा' अशी चिठ्ठी देतो. मग वायरशार्कमध्ये पुढील फिल्टर लावून त्या परत परत येणाऱ्या चिठ्ठ्या पाहता येतात:

```
tcp.analysis.duplicate_ack
```