उशाशी दिवा, चष्म्याला नंबर

मे १९९९मध्ये 'नेचर'मध्ये एक छोटासा शोधनिबंध आला. फिलाडेल्फियाचे डॉ. क्विन आणि सहकाऱ्यांचा. आकडे साधे होते. डोळ्यांच्या दवाखान्यात आलेल्या ४७९ मुलांच्या पालकांना विचारलं, मूल दोन वर्षांचं होईपर्यंत रात्री कशात झोपायचं? अंधारात झोपलेल्यांपैकी १० टक्के मुलांना पुढे मायनस नंबर लागला होता, मंद नाइट लॅम्पवाल्यांपैकी ३४ टक्के, आणि खोलीतला मोठा दिवा चालू असायचा त्यांच्यापैकी ५५ टक्के.

हे आकडे पाहिले की कुणाच्याही तोंडून निघेल, 'दिव्यामुळे डोळे बिघडले.' शोधनिबंधातला चर्चेचा भाग, म्हणजे डिस्कशन, लिहिणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते. मला तो भाग वाचायला आवडतो, कारण निष्कर्षांच्या तक्त्यात लेखक लपून राहू शकतो, चर्चेत नाही.

क्विन आणि मंडळींनी लपवाछपवी केली नाही, हे आधी सांगायला हवं. यातून कार्यकारण सिद्ध होत नाही, असं त्यांनी स्वतःच लिहिलं. पण चर्चा तिथे थांबली नाही. संबंध भक्कम आहे, प्रकाश वाढेल तसा नंबरही वाढताना दिसतो, प्राण्यांवरच्या प्रयोगांतही प्रकाशाचा डोळ्याच्या वाढीवर परिणाम दिसलाय, अशी पायरी पायरीने ती चढत गेली. शेवटी सल्ला आला: अधिक तपास होईपर्यंत लहान मुलांना रात्री अंधारात झोपवणं शहाणपणाचं.

माझा आक्षेप या सल्ल्याला आहे. कारण सिद्ध नाही असं एका वाक्यात म्हणायचं आणि पुढे कारण आहे असं धरून वागायला सांगायचं, यात पहिलं वाक्य शोभेचं ठरतं. आईबाप सल्ला लक्षात ठेवतात, इशारा नाही. बातम्याही सल्ल्याच्याच होतात.

आता त्या आकड्यांकडे परत या. ५५ टक्केवाला गट होता फक्त ७५ मुलांचा. सगळी मुलं नेत्रतज्ज्ञाकडे आलेली, म्हणजे गल्लीतल्या कुठल्याही मुलांसारखी नव्हेत. दिव्याची माहिती पालकांच्या आठवणीतून, कित्येक वर्षांनंतर. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: आईबापांना चष्मा होता का, हे हिशेबात धरलेलंच नव्हतं. मायनस नंबर घराण्यात चालतो, हे तेव्हाही माहीत होतं.

पुढच्याच वर्षी 'नेचर'मध्येच दोन गटांनी उत्तर दिलं, एक ओहायोचा, एक बॉस्टनचा. त्यांच्या मुलांमध्ये दिवा आणि नंबर यांचा संबंध सापडला नाही. उलट, ज्यांना स्वतःला मायनस नंबर आहे असे आईबाप बाळाच्या खोलीत दिवा जास्त ठेवतात, असं दिसलं. साहजिक आहे, रात्री उठल्यावर त्यांना दिसायला नको? मग पालकांकडून मुलाला नंबरही मिळतो आणि दिवाही. दोघं एकाच घरात राहतात, एवढाच त्यांचा नातेसंबंध असू शकतो.

मराठीत लिहिताना तर ही चूक शब्दाच्या शेपटीत दडून येते. 'दिव्यामुळे', 'दिवा लावल्याने', 'प्रकाशाचा परिणाम' असं म्हटलं की कारण ठरवून झालं. 'दिवा चालू असलेल्या खोलीत झोपलेल्या मुलांमध्ये नंबरचं प्रमाण जास्त आढळलं' हे वाक्य लांब आहे, पण ते आकड्यांच्या बाहेर पाऊल टाकत नाही. काहीजण यावर दुसरं टोक गाठतात: 'कदाचित', 'संभवतः', 'असू शकेल' एकाच वाक्यात. ती सावधगिरी नव्हे. नेमकी शंका कशाची, हे सांगितलं तरच तिचा उपयोग.

मी ती चर्चा लिहिली असती तर साधारण अशी: 'या दवाखान्यातल्या मुलांमध्ये दोन वर्षांआधीचा रात्रीचा प्रकाश आणि नंतरचा मायनस नंबर एकत्र आढळले. प्रकाशाचा डोळ्याच्या वाढीवर थेट परिणाम, हे एक स्पष्टीकरण. पालकांच्या नंबरमुळे दोन्ही गोष्टी घडल्या असतील, हे दुसरं; पालकांचे नंबर आम्ही नोंदवले नसल्याने यांतलं कुठलं खरं, ते या माहितीवरून ठरवता येत नाही. पालकांना नंबर नसलेल्या घरांतही हाच फरक दिसला, तर पहिल्याला बळ मिळेल.' सल्ला नाही. शेवटच्या वाक्याने मात्र पुढच्या संशोधकाला नेमकं काम मिळतं, आणि हे वाक्य लिहायला १९९९मध्ये कुठलाही नवा शोध लागायची गरज नव्हती.

उत्तर देणाऱ्या गटांनाही हाच नियम लागू. संबंध सापडला नाही, याचा अर्थ दिवा पूर्ण निर्धोक ठरला असा होत नाही. त्यांच्या मुलांमध्ये तो दिसला नाही, इतकंच.