क्रियापद येईपर्यंत

लग्नपत्रिकेतलं वाक्य वाचताना कुणी अडखळलेलं मी पाहिलेलं नाही. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' इथून निघालेली ही पॅसेंजर दोन्हीकडच्या आजोबांना नमस्कार करीत, तिथी-वार-मुहूर्त अशी सगळी स्टेशनं घेत, अखेर 'करण्याचे योजिले आहे' या मुक्कामी पोचते. मधल्या मधे उतरून 'अहो, पण योजलंय काय?' असं कुणी विचारीत नाही. उलट आमच्या वर्ध्याच्या काव्यसंमेलनात कुणी एकच वाक्य चार कडव्यांत सोडलं, की दुसऱ्या कडव्याला मागच्या रांगेतून हमखास आवाज येतो, "भाऊ, हे कोन करून राह्यलं?"

दोष लांबीचा नाही. आपल्या पूर्वजांनी तर अशा लांब वाक्यांची बारशी करून ठेवली आहेत. एक वाक्य दोन श्लोकांत चाललं तर युग्मक, तिनांत सांदानितक, चारांत कलापक आणि पाच किंवा जास्त असले तर कुलक. 'रघुवंशा'च्या पहिल्या सर्गात कालिदास पाचव्या श्लोकाच्या आरंभी 'तो मी' म्हणतो आणि 'सांगेन' हे क्रियापद देतो थेट नवव्यात! मधे रघुकुळाची नुसती विशेषणं, पण सगळी षष्ठीच्या अनेकवचनात. एकाच खुंटीवर टांगलेल्या टोप्या. कितीही वाढल्या तरी घरात पसारा दिसत नाही.

आता घरचंच उदाहरण घेऊ. विनोबांनी 'गीताई' १९३०-३१ साली वर्ध्यातच लिहिली. मूळ गीतेच्या अठराव्या अध्यायातले ५१ ते ५३ हे तीन श्लोक म्हणजे अस्सल सांदानितक. बुद्धी शुद्ध करून, धैर्याने स्वतःला आवरून, विषय टाकून, राग-द्वेष सारून, एकांतात राहून, मोजकं खाऊन... असं करीत करीत तिसऱ्या श्लोकाच्या शेवटच्या शब्दाला क्रियापद येतं. असा माणूस ब्रह्मरूप व्हायला योग्य 'होतो'. कर्त्याचं नावसुद्धा कुठे नाही. तरी ऐकणारा चुकत नाही, कारण संस्कृतातली 'त्यक्त्वा'सारखी रूपं त्याला 'थांब, अजून आहे' असं बजावत असतात.

मराठीत हे काम 'ऊन' करतो. विनोबांनी पहिल्या श्लोकाच्या चारही चरणांच्या टोकाला हाच 'ऊनी' ठेवला आहे. या प्रत्ययाचा स्वभाव मोठा गुणी. 'जेवून' म्हटलं की पुढे काहीतरी येणं बाकी आहे, हे कळतं. आणि जो जेवला तोच बहुधा पुढचंही करणार, हेही कळतं. म्हणजे उधारीची नोंद आणि कर्त्याचा पत्ता, दोन्ही एका अक्षरात! शिवाय मराठीत क्रियापदाची जागा मुळात शेवटीच. त्यामुळे ते उशिरा आलं म्हणून आपण रागावत नाही. तिसऱ्या श्लोकात मात्र अहंकार, बळ, दर्प, काम, क्रोध, परिग्रह अशी सहा ओझी ओळीने येतात. ती फार वेळ डोक्यावर राहिली असती तर मान मोडती. पण लगेच पुढच्या चरणाच्या आरंभी 'सोडून' येतं आणि हमाल मोकळा होतो. मोठ्या थांबण्यात छोटं थांबणं घालायचं तर ते असं चटकन मिटवावं.

बिघडतं कुठे, ते एका घरगुती कवितेवर पाहा. पहिलं कडवं : 'पहाटे उठून, विहिरीवर न्हाऊन, भाकर फडक्यात बांधून'. दुसरं : 'बैल जुंपून, पुलापाशी बैल थांबला, त्याला चुचकारून'. तिसरं : 'हिंगणघाटच्या बाजाराला रघू निघाला'. इथे 'थांबला' म्हणताच वाक्य संपलं असं वाटतं, आणि क्षणभर विहिरीवर बैलच न्हालेला दिसतो! पुरं क्रियापद मधे आलं, शिवाय दुसरा कर्ता घुसला. 'पुलापाशी थांबलेल्या बैलाला चुचकारून' केलं की बैल आपल्या जागी जातो. रघूलाही पहिल्या ओळीत आणून बसवावं. क्रियापदाची वाट पाहणं सोसतं, पण क्रियापदाची आणि माणसाची एकदम नाही सोसत.

पारख सोपी आहे. कविता मोठ्याने वाचायची, प्रत्येक कडव्याच्या शेवटी थांबायचं आणि ऐकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारायच्या : कोणाचं चाललंय, आणि काय यायचं राहिलंय? दोन्ही उत्तरं आली तर पुढचं कडवं बेलाशक लिहावं. एक जरी अडलं, तर तिथे 'असा', 'हे सारं' असा गोळाबेरीज करणारा शब्द घालावा, नाहीतर सरळ पूर्णविराम द्यावा.

गोपुरीच्या गीताई मंदिरात 'गीताई'चे श्लोक उभ्या शिळांवर कोरलेले आहेत आणि वर छप्पर नाही. म्हणजे आपलं सांदानितक तिथे चालत चालत वाचायचं. मे महिन्यातल्या वर्ध्याच्या उन्हात क्रियापदापर्यंत पावलं टाकायची, तर कवीने 'ऊन' नीट लावलेला असावा लागतो.