चौकटींच्या जालावरील मार्गशोध : ए-स्टार रीतीच्या प्रचलित मांडणीची चिकित्सा

हार्ट, निल्सन आणि राफेल यांनी १९६८ साली मांडलेली ए-स्टार रीत प्रत्येक चौकटीसाठी दोन संख्यांची बेरीज करते : आरंभापासून तेथवर झालेला खर्च आणि तेथून लक्ष्यापर्यंतच्या खर्चाचे अनुमान. सर्वांत लहान बेरजेची चौकट आधी तपासली जाते. अनुमान वास्तव खर्चापेक्षा कधीही अधिक नसेल, तरच मिळालेला मार्ग किमान खर्चाचा असल्याची हमी राहते. अध्यापनात ही अट सांगितली जाते खरी. पण तिरप्या चालीला मुभा देऊनही अनुमान मात्र आडव्या-उभ्या अंतरांच्या बेरजेचेच ठेवले जाते. दोष येथेच आहे.

सरळ चालीचा खर्च १० आणि तिरपीचा १४ मानू. अडथळ्याचा कोपरा छाटून तिरपे जाता येत नाही. लक्ष्य आरंभापासून ८ चौकटी उजवीकडे व ८ वर आहे. आरंभाच्या लगत उजवीकडे, त्याच ओळीपासून वर ८ चौकटींची भिंत आहे. भिंतीच्या कडेने ८ वर व मग ८ उजवीकडे गेल्यास खर्च १६० होतो. उलट एक चौकट खाली, दोन उजवीकडे, सहा तिरप्या आणि तीन वर असा मार्ग १४४ मध्ये पोहोचतो. बेरजेचे अनुमान वापरल्यास पहिल्या मार्गावर एकूण संख्या सतत १६० राहते. खाली उतरताच ती १० अधिक १७०, म्हणजे १८० होते. परिणामी ती चौकट उघडलीच जात नाही व महाग मार्ग निवडला जातो. कार्यक्रम कोणतीही चूक दाखवीत नाही. त्याच जालावर अनुमान शून्य ठेवून येणारा खर्च ताडून पाहिला, तरच दोष उघड होतो. येथे योग्य अनुमान असे :

```
h = 14*min(dx,dy) + 10*(max(dx,dy) - min(dx,dy))
```

हलत्या अडथळ्यांबाबतचा प्रश्न अधिक बिकट आहे. डेव्हिड सिल्व्हर यांनी २००५ साली काळ हे तिसरे परिमाण मानून चौकटी आरक्षित करण्याची पद्धत मांडली. तीत थांबणे हीदेखील एक चाल ठरते. मात्र प्रत्येक चालीस एकच क्षण दिला आणि तिरप्या चालीचा खर्च १४ ठेवला, तर खर्च व काळ यांची फारकत होते. समान वेगाने पाच तिरप्या चालींना ७० एकके लागतात, आरक्षणाच्या नोंदीत मात्र ५० धरली जातात. २० एककांचा हा फरक म्हणजे दोन सरळ चौकटींची चूक. नोंदीनुसार मोकळी असलेली चौकट प्रत्यक्षात व्यापलेली आढळते. यास्तव आरक्षण क्षणाचे नव्हे, कालखंडाचे असावे. शिवाय समोरासमोरच्या दोघांनी परस्परांच्या चौकटी बदलणे केवळ चौकट तपासून लक्षात येत नाही. त्यासाठी चालही नोंदवावी लागते.

अडथळ्याची पुढील हालचाल ठाऊकच नसेल, तर हे आरक्षण निरुपयोगी ठरते. तेथे कोनिग व लिखाचेव्ह यांची २००२ मधील डी-स्टार लाइट ही दुरुस्तीची रीत अधिक उचित होय, कारण ती बदललेल्या भागापुरतीच पुनर्गणना करते.