शक्ती कोणत्या भाषेतली? – एका शब्दसंग्रहाच्या निमित्ताने

गेल्या उन्हाळ्यात एका स्नेह्यांनी एक छोटेखानी पुस्तिका माझ्या हाती ठेवली. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी भौतिकशास्त्रातील संज्ञांचा तो द्विभाषिक संग्रह. पुस्तिका खाजगी वितरणापुरती छापलेली असल्याने संग्राहकांचे नाव येथे देत नाही. तसेही मला बोलायचे आहे ते पद्धतीविषयी. डाव्या रकान्यात इंग्रजी संज्ञा देवनागरीत, उजव्या रकान्यात मराठी प्रतिशब्द. फोर्स म्हणजे बल, वर्क म्हणजे कार्य, एनर्जी म्हणजे ऊर्जा, पॉवर म्हणजे शक्ती. सारे प्रतिशब्द मराठी शालेय पुस्तकांत रूढ असलेलेच आहेत. एकही चुकीचा नाही. असे असूनही ज्या मुलांसाठी हा संग्रह काढला, त्यांनाच तो चकवतो, असे मला नाइलाजाने म्हणावे लागते.

हे मूल वाचते इंग्रजीत आणि विचार करते मराठीत, असे संग्राहक प्रस्तावनेत म्हणतात. ते खरेच आहे. पण कोणत्या मराठीत? स्वयंपाकघरातल्या, दुकानातल्या, अंगणातल्या मराठीत. शाळेच्या पुस्तकातली मराठी त्याने कधी वाचलेलीच नाही. त्याला ॲक्सिलरेशन कळत नव्हते, आता त्वरणही कळत नाही. एका अनोळखी पाहुण्याची ओळख दुसऱ्या अनोळखी पाहुण्याने करून द्यावी, तसा हा प्रकार झाला.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि पुढे त्याने एकेका शास्त्राचे परिभाषा कोश काढले. ते कोश मराठीतून शिकवणाऱ्यांच्या आणि लिहिणाऱ्यांच्या कामाचे. त्यांना संकल्पना ठाऊक असते, हवा असतो तो शब्द. आपल्या मुलाची गरज याच्या नेमकी उलट आहे. शब्द त्याला इंग्रजीत मिळालेलाच आहे, हवी आहे ती संकल्पना. संग्राहकांनी साचा मात्र पहिल्या प्रकारचा घेतला.

काही शब्द तर अनोळखी नसल्यामुळेच घोटाळा करतात. ‘घरात कार्य आहे’ म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे मांडव उभा राहतो. वर्कसमोर नुसते ‘कार्य’ लिहिले तर मूल बिचारे काय समजणार? पण ही हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट झाली. यापेक्षा गंभीर गोष्ट माझ्यासमोर घडली, ती सांगतो.

नववीतली एक मुलगी. घर मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची. शेजारचा मुलगा त्याच इयत्तेत, पण कन्नड माध्यमात. संध्याकाळी दोघे एकत्र अभ्यास करीत. परीक्षेत प्रश्न होता तो असा. दोन हमालांनी प्रत्येकी ५० किलोचे तांदळाचे पोते ३ मीटर उंच माळ्यावर नेले. पहिल्याला १० सेकंद लागले, दुसऱ्याला ३०. प्रत्येकाची पॉवर किती? मुलीने लिहिले, ‘दोघांची सारखीच, १५०० जूल.’ गुण शून्य. घरी जाऊन तिने जाहीर केले की आपल्याला फिजिक्स येत नाही आणि पुढे आपण सायन्स घेणार नाही. वडील तिला घेऊन माझ्याकडे आले.

मी पुस्तक बाजूला ठेवून तिला विचारले, “दोघांपैकी चपळ कोण गं?”

“पहिला, सर.”

“किती पट?”

“तिप्पट.” उत्तर द्यायला तिला क्षणही लागला नाही.

मग १५०० जूल आले कुठून? तिने वही उघडून दाखवली. शेजारच्या मुलाच्या कन्नड पुस्तकात एनर्जीला शब्द आहे ‘शक्ति’. कार्य आणि ऊर्जा या धड्याचे कन्नड नावच मुळी ‘केलस मत्तु शक्ति’. शक्तीचे एकक जूल, हे त्याने तिला समजावले आणि त्याचे म्हणणे बरोबरच होते. हिने आपली पुस्तिका उघडली. तीत पॉवर म्हणजे शक्ती, हेही बरोबरच. दोन बरोबर गोष्टी जोडून तिने तिसरी चूक काढली, ती म्हणजे पॉवरचे एकक जूल. कन्नडमध्ये पॉवरला ‘सामर्थ्य’ म्हणतात, हे तिला कोणी सांगितले नव्हते. तिचे तर्कशास्त्र निर्दोष होते, शब्दाने मात्र दगा दिला.

हिशेब साधा आहे. पृथ्वीचे ओढणे किलोमागे ढोबळमानाने १० न्यूटन धरले, तर ५० किलोचे पोते उचलायला ५०० न्यूटन जोर हवा. हा फोर्स. तो ३ मीटर उंचीपर्यंत लावला की ५०० गुणिले ३, म्हणजे १५०० जूल वर्क झाले, आणि तेवढीच एनर्जी पोत्यात साठली. दोन्ही पोत्यांसाठी हा आकडा एकच. आता वेळेने भागा. पहिल्याचे १५० वॅट, दुसऱ्याचे ५० वॅट. ही पॉवर. घरच्या मराठीत मात्र या तिन्ही गोष्टींना आपण ‘ताकद’ या एकाच शब्दाने भागवतो. पोते उचलले तर ताकद, माळ्यावर नेले तर ताकद, झटपट नेले तरी ताकदच!

म्हणून माझी सूचना अशी. संग्रहाला इंग्रजीकडून येणारी वाट आहेच, तिच्या जोडीला घरच्या शब्दाकडून येणारी वाटही द्यावी. शेवटी एक उलटी सूची असावी. तीत मुलाने ‘ताकद’ शोधले की त्याला असे काही वाचायला मिळावे: ‘किती जोराने ओढले वा ढकलले असे म्हणायचे असेल, तर फोर्स, एकक न्यूटन. एकूण किती काम उरकले असे म्हणायचे असेल, तर एनर्जी, एकक जूल. किती भराभर उरकले असे म्हणायचे असेल, तर पॉवर, एकक वॅट.’ आणि सीमाभागासाठी एक रकाना अधिक: ‘सावधान! मराठी पुस्तकात शक्ती म्हणजे पॉवर, कन्नड पुस्तकात एनर्जी.’ असे सगळेच शब्द फसवे नाहीत. बल दोन्हीकडे फोर्सच, वेग दोन्हीकडे व्हेलॉसिटीच. त्यामुळे हा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा राहील. जेथे भरेल तेथे मात्र मुलाचे गुण वाचवील.

या उपायालाही मर्यादा आहे. दुसरा हमाल वाटेत पोते पाठीवर घेऊन नुसता उभा राहिला, तरी घामाघूम होईल. पोते वर सरकले नाही, म्हणून पोत्यावरचे वर्क शून्य. त्याचे स्नायू मात्र आतल्या आत एनर्जी खर्च करतात आणि तिची उष्णता होते. ‘मग तो दमला कसा?’ हा मुलाचा प्रश्न कोणतीही सूची मिटवणार नाही. तेथे शिक्षकच हवा, आणि मुलाच्या भाषेत बोलणारा हवा.

संग्राहकांचे श्रम मी कमी लेखत नाही. पुस्तिका आमच्या शाळेच्या वाचनालयात ठेवली आहे. फक्त ‘पॉवर’च्या ओळीसमोर समासात पेन्सिलीने चार शब्द लिहिले आहेत. अक्षर त्या मुलीचे आहे. दुसऱ्या आवृत्तीत ते छापून यावेत, एवढीच विनंती. मुलीने सायन्स घेतले की नाही, हे विचाराल तर ती अजून दहावीत आहे.