अकरा जोड्या, पंचावन्न लढती

मेंढीकोट ज्याने कुणी बांधला, त्याला बरोबरी कशी सोडवायची हे पक्कं ठाऊक होतं. चार दश्श्यांपैकी तीन ज्यांनी खेचल्या, त्यांचा डाव. चारही खेचल्या, तर मेंढीकोट. आणि दोन-दोन झाल्या, तर ज्यांचे सात हात त्यांचा डाव. हात तेरा, म्हणजे विषम. सात एकाकडे झाले की दुसऱ्याकडे सहाच उरतात. दश्श्यांची बरोबरी होऊ शकते हे आधीच मान्य करून, जिथे बरोबरी होऊच शकत नाही अशा मोजणीकडे हा खेळ आपल्याला नेतो. पुन्हा डाव वाटा नाही, नाणं उडवा नाही. एका डावापुरता हा नियम इतका निर्दोष आहे की संपूर्ण स्पर्धा त्याच विचाराने का बांधू नये, असं मला नेहमी वाटतं.

बीड जिल्ह्यात तालुके अकरा. समजा, प्रत्येक तालुक्याची एक जोडी आली आणि प्रत्येकीने प्रत्येकीशी एकदा खेळायचं ठरलं. लढती होतात पंचावन्न. बाद पद्धत लावली तर हे काम दहाच लढतींत उरकतं, पण आष्टीहून परळीपर्यंत आलेली जोडी पहिल्याच फेरीत वाईट पत्ते येऊन घरी जाते. साखळी हवी ती त्यासाठी. तिचं नियमपत्रक चार ओळींत मावतं, आणि त्या चार ओळी कवितेसारख्या सावकाश वाचण्याजोग्या आहेत.

पहिली ओळ: चिठ्ठ्या टाकून जोड्यांना १ ते ११ क्रमांक द्या, दोन जोड्यांच्या क्रमांकांची बेरीज हीच त्यांच्या लढतीची फेरी, बेरीज अकराच्या वर गेली तर अकरा वजा करा.

वेळापत्रक एवढंच. पहिल्या फेरीत बेरीज बारा होणाऱ्या जोड्या भिडतात: १-११, २-१०, ३-९, ४-८, ५-७. सहा नंबर बसून. तिसऱ्या फेरीत १-२ ही बेरीज तीनची, आणि चौदाच्या ३-११, ४-१०, ५-९, ६-८. सात नंबर बसून. आता चार नंबरची जोडी घ्या आणि तिच्या प्रतिस्पर्ध्यांबरोबरच्या बेरजा मांडा. एकशी पाचवी फेरी, दोनशी सहावी, तीनशी सातवी, पाचशी नववी, सहाशी दहावी, सातशी अकरावी, आणि आठ ते अकरा क्रमांकांशी पहिली ते चौथी. एकही फेरी दोनदा आली नाही. राहिली फक्त आठवी, कारण चार अधिक चार आठ. स्वतःशी खेळता येत नाही म्हणून ती विश्रांतीची. या ओळीची खरी चव इथे आहे: विश्रांती वेगळी वाटावी लागत नाही, ती बेरजेतूनच येते, आणि प्रत्येकीला नेमकी एकदा येते. बुद्धिबळातले योहान बर्गर यांच्या नावाचे तक्ते हेच काम करतात आणि फिडेच्या नियमपुस्तकात छापलेले असतात. पण इथे तक्ता हरवला तरी स्पर्धा थांबत नाही. बोटांवर मोजून कुणीही आपला पुढचा प्रतिस्पर्धी सांगू शकतो.

एक उणीव मात्र या ओळीत राहते. अकरा नंबर शेवटच्या फेरीत बसतो. त्याची गुणसंख्या सगळ्यांना कळलेली असते आणि बाकीचे किती हवेत ते पाहून खेळतात. जोड्या विषम असतील तर हे कुणाच्या तरी वाट्याला येणारच, म्हणून चिठ्ठ्या सगळ्यांसमोर टाकायच्या.

दुसरी ओळ: लढत आठ डावांची, वाटप आळीपाळीने, चौघांनी प्रत्येकी दोनदा.

ओट्यावरच्या खेळात बहुतेक ठिकाणी हरलेल्यानेच पुन्हा पिसायचं असतं. मजेसाठी ते ठीक आहे. पण वाटणाऱ्याच्या शेजारी प्रतिस्पर्धी बसलेला असतो आणि पहिली उतारी त्याची. हरणाराच वाटत राहिला, तर जिंकणाऱ्याला दर डावाला उतारीही मिळत जाते. आठ डावांत चौघांची दोन-दोन वाटपं केली की उतारी दोन्ही बाजूंना चार-चार वेळा येते. हुकूम कट की बंद हेही सगळ्या टेबलांवर एकच हवं. पत्त्यांचं नशीब मात्र यानेही पुसलं जात नाही. ब्रिजवाले त्यासाठी वाटलेले पत्ते खाचांच्या पाटीत जपून तेच हात प्रत्येक टेबलावर फिरवतात. आठ डाव एवढंच करतात की एका वाईट हाताने लढत जात नाही.

तिसरी ओळ: साध्या डावाला एक गुण, मेंढीकोटला दोन, लढत जिंकली तर दोन गुण, बरोबरीत एकेक. अर्धवट सोडून गेलेल्या जोडीने पाचपेक्षा कमी लढती खेळल्या असतील तर त्या सगळ्या रद्द. पाच किंवा जास्त झाल्या असतील तर उरलेल्या प्रतिस्पर्ध्यांना बहाल.

बुद्धिबळात साखळी स्पर्धेसाठी निम्म्याची हीच रेघ मानतात. बीडमध्ये तिला जास्तच अर्थ आहे. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांकडे निघतात, आणि उचल घेतलेला माणूस शनिवार-रविवार बघून थांबत नाही. स्पर्धा गणपतीत उरकलेली बरी. एक डाव पाच-सात मिनिटांचा धरला तर अकरा फेऱ्यांना दोन दिवस पुरतात.

चौथी ओळ सगळ्यात कसोटीची: गुण समान झाल्यास फक्त त्या जोड्यांच्या आपसातल्या लढती पाहा, आधी लढतींचे गुण, मग डावांच्या गुणांतला फरक.

एक प्रसंग मांडून पाहू. आष्टी, केज आणि परळी तिघी चौदा गुणांवर. आष्टीने केजला ६-३ हरवलं, केजने परळीला ५-४, परळीने आष्टीला ५-४. आपसातले गुण प्रत्येकी दोन, म्हणजे गाठ सुटली नाही. मग फरक: आष्टी अधिक दोन, परळी शून्य, केज उणे दोन. क्रम लागला. संपूर्ण स्पर्धेतला फरक आधी धरला असता, तर शेवटच्या जोडीला १२-० चेपणारी केज वर गेली असती. बरोबरीच्या जोड्यांमधला निकाल तिसऱ्याच, दमलेल्या जोडीच्या खेळावर ठरला असता. तो मला मान्य नाही.

आणि तरीही ही ओळ अपुरी आहे. निकाल ऐकून केजवाले उठतील: आष्टी पहिली ना, मग आता दोघीच उरलो, आणि परळीला तर आम्ही हरवलंय! त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. आष्टीला बाजूला काढून पुन्हा पहिल्यापासून मोजलं तर केज दुसरी येते. मोजलं नाही तर परळी. तेच आकडे, तीच ओळ, आणि दुसरं बक्षीस दोन घरी. एक शब्दही खोटा नसताना नियम फसतो तो असा.

माझ्या मते एका मोजणीने तिघींचा क्रम लागला असेल तर तो तसाच ठेवावा, आणि त्या मोजणीनंतरही ज्या जोड्या समान उरतील त्यांच्याचपुरतं पुन्हा पहिल्यापासून मोजावं. तरीही गाठ सुटली नाही तर सर्व लढतींतले मेंढीकोट मोजावे, आणि शेवटी जादा डाव. तेरा हात आहेतच, तो बरोबरीत सुटणार नाही. कुणाला केजवाल्यांची रीत जास्त न्याय्य वाटली तर तीही चालेल. पण संयोजकांनो, दोन्हींपैकी कोणती ते पहिला पत्ता वाटण्याआधी पत्रकावर लिहा, अकराही जोड्यांच्या सह्या घ्या आणि गुणफलकाशेजारी चिकटवा.